बोन स्कॅनमध्ये बरगडीवर काळा ठिपका दिसला तर

रिपोर्टमध्ये 'अपटेक वाढलेला' एवढंच वाचून लगेच कॅन्सर हाडात पसरला असं धरू नका. स्कॅनसाठी शिरेतून दिलं जाणारं किरणोत्सारी औषध, टेक्नेशियम-एमडीपी, कॅन्सरच्या गाठीला चिकटत नाही. जिथे नवं हाड तयार होतंय आणि रक्तपुरवठा वाढलाय तिथे ते साठतं. भरून येणारं फ्रॅक्चर, झिजलेला सांधा, मेटास्टॅसिस म्हणजे हाडात पसरलेला कॅन्सर, तिघंही सारखेच काळे दिसतात. म्हणून काळेपणापेक्षा जागा आणि आकार आधी बघा.

समजा, स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंटला डाव्या पाचव्या, सहाव्या आणि सातव्या बरगडीवर एकाखाली एक, सरळ रेषेत तीन छोटे गोल ठिपके आहेत. हा मांडणीचा प्रकार बहुतेक वेळा माराचा. पडणं, जोराचा खोकला, छातीला दिलेलं रेडिएशन, हे विचारा. पेशंट आपणहून सांगत नाही. याउलट एकाच बरगडीच्या लांबीने पसरलेला लांबट पट्टा असेल तर संशय जास्त. तिथे स्पेक्ट-सीटी, म्हणजे बोन स्कॅनला सीटीची जोड देणारी तपासणी, करून फ्रॅक्चरची रेघ दिसते की हाड पोखरलंय, ते पाहा. तरी नक्की होत नसेल तर काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन: फ्रॅक्चर फिकं होत जातं.

उलट बाजूही आहे. मायलोमा या अस्थिमज्जेच्या कॅन्सरमध्ये हाड पोखरलं जातं पण नवं फारसं बनत नाही, त्यामुळे स्कॅन जवळपास स्वच्छ येऊ शकतो. आणि उपचार सुरू केल्यावर पहिल्या तीनेक महिन्यांत ठिपके गडद झाले, तर तो हाड भरून येण्याचा 'फ्लेअर'ही असू शकतो.