पेजेतलं पाणी मोजलं का?

"मॅडम, आहारशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. गरोदर आणि स्तनदा मातेचे आकडे पाठ आहेत, तरी पर्याय समोर आले की गोंधळते. आणि पूरक आहाराच्या दीर्घ प्रश्नात सगळं बरोबर लिहूनही निम्मेच गुण पडतात. कुठे चुकतं?"

आकड्यांचा गोंधळ बहुतेक वेळा आयसीएमआरचे, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे, रोजच्या पोषणगरजेचे दोन तक्ते एकत्र झाल्याने होतो. गरोदरपणी 350 किलोकॅलरी जास्त, अंगावर पाजताना पहिले सहा महिने 600 आणि पुढे 520, हे 2010 आणि 2020 या दोन्ही तक्त्यांत सारखंच आहे. लोहाचं मात्र तसं नाही. 2010 च्या तक्त्यात गरोदर स्त्रीला रोज 35 मिलिग्रॅम लोह होतं, 2020 च्या तक्त्यात 27 आहे. नव्या तक्त्यात गरोदर नसलेल्या स्त्रीला 29 आहे, म्हणून मुलींना वाटतं छपाईची चूक असेल. चूक नाही. गरोदरपणी पाळी थांबते आणि आतड्यातून लोह जास्त शोषलं जातं. उत्तरात आकड्याशेजारी तक्त्याचं साल लिहीत जा.

गुण जातात ते दुसऱ्याच ठिकाणी. मागे एक विद्यार्थिनी उत्तरपत्रिकेची प्रत घेऊन आली होती. प्रश्न असा: आठ महिन्यांचं बाळ, वजन सात किलो, आईचं दूध चालू, दोन वेळा तांदळाची पेज, तरी दोन महिने वजन वाढत नाही; आहार सुचवा. तिने लिहिलं होतं, "पेज दोनऐवजी चार वेळा द्यावी, डाळीचं पाणी, फळांचा रस द्यावा." वाचायला छान. मी म्हटलं, आधी त्या पेजेत काय आहे ते मोज.

वाटीभर पेजेला आई जेमतेम दहा ग्रॅम तांदळाचं पीठ घेते. त्याच्या होतात 35 किलोकॅलरी. दोन वाट्यांच्या 70. आईचं दूध धरून या वयाला वरच्या अन्नातून साधारण 200 किलोकॅलरी लागतात. हिच्या सल्ल्याप्रमाणे चार वाट्या पाजल्या तरी 140 होतात. शिवाय बाळाचं पोट किलोमागे साधारण तीस ग्रॅम धरतं, म्हणजे या बाळाचं एका वेळी दोनशेच्या आसपास. ते पेजेच्या पाण्याने भरलं की बाळ छातीशीही कमी ओढतं. डाळीच्या पाण्याचं दुखणं तेच: डाळ खाली राहते, वरचं पिवळं पाणी बाळाला जातं.

"मग पीठ दुप्पट करायचं," ती पटकन म्हणाली. घरी करून बघ म्हटलं. दुसऱ्या दिवशी आली ती हसतच: "मॅडम, खळ झाली, चमचा उभा राहिला!" स्टार्च शिजताना पाणी धरून फुगतो आणि निवताना आणखी घट्ट होतो. ते बाळ गिळत नाही, मग आई पाणी ओतते आणि आपण परत पहिल्या वाटीवर.

इथे मोडाच्या पिठाची गरज पडते. अभ्यासक्रमात ते एआरएफ, म्हणजे अमायलेज-रिच फूड, म्हणून येतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात आहारतज्ज्ञ तारा गोपालदास यांनी यावर काम केलं. गहू किंवा नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, अगदी हलकी भाजायची आणि दळायची. मोड येताना धान्यात अमायलेज हे विकर तयार होतं आणि ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं. घट्ट लापशीत चमचाभर घातलं की काही मिनिटांत ती ओघळू लागते. पाणी वाढत नाही, कॅलरी तेवढ्याच राहतात. आपल्याकडे नाचणीला मोड आणून सत्त्व करतात, पण वासासाठी ते खरपूस भाजलं तर विकर मरतं. उकळत्या लापशीत टाकलं तरी तेच. गॅस बंद करून थोडं निवू द्यायचं, गरम असतानाच घालून ढवळायचं, पातळ झाल्यावर पुन्हा एक उकळी काढायची. परीक्षक इथेच गुण देतो, कारण "एआरएफ घालावे" एवढं सगळेच लिहितात.

मग तिने उत्तर नव्याने मांडलं. एका वेळेला वीस ग्रॅम तांदळाचं पीठ, दहा ग्रॅम भाजलेल्या मुगाचं पीठ, पाच ग्रॅम तूप: 70, 35 आणि 45, म्हणजे 150 किलोकॅलरी, शिजून साधारण दीडशे ग्रॅम, वर मोडाचं पीठ चमचाभर. दोन वेळचे 300. बाळाने तिसरा हिस्सा थुंकून टाकला तरी 200 पोटात जातात. लोहाचा प्रश्न याने सुटत नाही. जन्मतः मिळालेला साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो, म्हणून तिने अंडं किंवा खिमा कुस्करून द्यायची एक ओळ जोडली, आणि शाकाहारी घरासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाचे थेंब.

फळांचा रस तिने स्वतःच खोडला. तिथे कुस्करलेलं केळं लिहिलं.