पाच वर्षं पूर्ण नाहीत म्हणून पीएफवर टीडीएस: कसा टाळायचा, कापला तर कसा परत मिळवायचा

प्रश्न: पहिल्या कंपनीत २ वर्षं ७ महिने होतो, आताच्या कंपनीत ३ वर्षं झाली. यूएएन एकच आहे. पुढच्या महिन्यात नोकरी सोडतोय आणि पीएफ काढायचाय. पाच वर्षं एका ठिकाणी नाहीत म्हणून १० टक्के कापतील का? मित्राचे गेल्या वर्षी कापले, ते परत मिळतात का?

उत्तर: तुमचे कापायची गरज नाही, पण राजीनामा देण्याआधी जुन्या कंपनीचा पीएफ आताच्या खात्यात वळवून घ्या. पाच वर्षं एकाच मालकाकडे हवीत असा नियम नाही. जुन्या खात्यातली शिल्लक नव्या खात्यात आली असेल, तर तिथली नोकरीही धरतात आणि तुमची ५ वर्षं ७ महिने होतात. मी पगार आणि पीएफचं काम करतो. त्यात लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथेच: यूएएन एक आहे म्हणजे खातीही एक झाली असं धरून चालतात. यूएएनखाली दोन वेगळे मेंबर आयडी असतात आणि पैसे वळवल्याशिवाय ते वेगळेच राहतात.

मेंबर पोर्टलवर Online Services मध्ये One Member – One EPF Account (Transfer Request) आहे, तिथून अर्ज करा. त्याआधी View मध्ये Service History उघडून जुन्या कंपनीची सोडल्याची तारीख भरलेली आहे ना ते बघा, ती नसेल तर अर्ज पुढे जात नाही. काही वेळा कंपनीची मंजुरी लागते, म्हणून नोकरीत असतानाच हे उरकलेलं बरं. झाल्यावर दोन्ही पासबुकं बघा. जुन्यातली शिल्लक शून्य आणि नव्यात वर्ग झालेल्या रकमेची नोंद दिसली की पैसे आले. त्याबरोबर अ‍ॅनेक्शर के नावाचा कागद निघतो, त्यावर जुन्या नोकरीच्या रुजू आणि सोडल्याच्या तारखा असतात. त्याची प्रत जपून ठेवा, पुढे सेवाकाळावरून वाद झाला तर तोच पुरावा. हे सगळं दिसल्यावरच पीएफ काढायचा फॉर्म १९ भरा. आधी पैसे काढले आणि मग वळवायला गेलात, तर वळवायला काही उरत नाही.

पॅन मात्र केवायसीमध्ये मंजूर झालेला हवा. कापायची वेळ आलीच तर पॅन असताना १० टक्के जातात, नसेल तर २०.

आता मित्राचं. त्याची नोकरी खरोखरच पाच वर्षांपेक्षा कमी होती असं धरतो. रक्कम ५० हजार किंवा जास्त असली की कापतात, आणि कापतात ते पूर्ण रकमेवर. कर मात्र पूर्ण रकमेवर लागत नाही. समजा त्याला ९५,५०० रुपये मंजूर झाले: स्वतःचे ६५,०००, त्यावर व्याज ८,०००, कंपनीचा हिस्सा २०,००० आणि त्यावर व्याज २,५००. टीडीएस गेला ९,५५०. यात कंपनीचा हिस्सा व त्याचं व्याज हे पगारात, स्वतःच्या हिश्श्यावरचं व्याज इतर उत्पन्नात धरायचं. म्हणजे उत्पन्न ३०,५०० रुपयांचं. स्वतःचे ६५,००० त्याचेच, त्यावर कर नाही. फक्त आधीच्या वर्षांत त्यावर ८०सी ची सूट घेतली असेल, तर ती सूट उलटते आणि त्या वर्षांचा कर पुन्हा मोजावा लागतो. नव्या करपद्धतीत ही सूटच नसते.

पैसे २०२५-२६ मध्ये मिळाले, त्या वर्षाचा पगार १,८०,००० आणि बाकी काही उत्पन्न नाही, असं धरलं तर एकूण सवादोन लाखही होत नाहीत. कर शून्य, पूर्ण ९,५५० परत. खरं तर अशा माणसाने तेव्हा अर्जाबरोबर, आपल्याला कर लागत नाही अशा घोषणेचा फॉर्म १५जी जोडला असता तर कापलेच नसते. पण पगार मोठा असणाऱ्याने अशी घोषणा देऊ नये, ती खोटी ठरते. जुन्या पद्धतीत ३० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्याला या ३०,५०० वर साडेनऊ हजारच कर बसतो, त्याला परत जवळपास काहीच मिळणार नाही.

परतावा पीएफ कार्यालय देत नाही, तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नका. मित्राला आधी आयकर पोर्टलवर २६एएस, म्हणजे त्याच्या नावावर कापलेल्या कराचा तक्ता, बघायला सांगा. तिथे पीएफ कार्यालयाच्या नावाने, कलम १९२ए खाली, ९,५५० दिसले पाहिजेत. दिसत असतील तर ज्या वर्षात ते दिसतात त्याच वर्षाच्या रिटर्नमध्ये उत्पन्न आणि टीडीएस दोन्ही दाखवायचे. दिसत नसतील तर पॅन चुकलाय का बघा आणि त्यासाठी मात्र पीएफ कार्यालयात तक्रार करा. मुदत गेली तरी ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरून परतावा मागता येतो. त्यानंतरच्या अपडेटेड रिटर्नमध्ये परतावा मागता येत नाही.