वकिलांच्या सर्च रिपोर्टचं मराठी: 'गृहीत धरून' गाळायचं का?

प्रश्न: काका शेतजमीन घेतायत, वकिलांनी जमिनीच्या मालकीबद्दल इंग्रजीत टायटल ओपिनियन दिलंय आणि घरच्यांसाठी मी त्याचं मराठी करतेय. प्रत्येक वाक्यात 'अझ्युमिंग', 'सब्जेक्ट टू', 'अपीअर्स' आहे. हे सगळं एकदाच वर लिहून पुढे गाळलं तर चालेल का? वाचायला सोपं होईल.

उत्तर: नाही ताई, गाळू नका. वकिलाचं प्रत्येक 'गृहीत धरून' एका ठरावीक निष्कर्षाला बांधलेलं असतं, सगळी वर एकत्र टाकली की कुठलं कशाला लागू होतं ते कळत नाही आणि घरचे तो भाग सरळ ओलांडून शेवटचं 'टायटल क्लिअर' तेवढं वाचतात.

माझ्याकडे आलेलं एक काम सांगतो. वडील हयात असतानाच १९९८ मध्ये वडिलोपार्जित जमिनीची दोघा भावांत वाटणी झाल्याची फेरफार नोंद होती, बहिणीचं नाव कुठेच नव्हतं. तिचं लग्न १९८९ मधलं, म्हणजे महाराष्ट्राच्या १९९४ च्या दुरुस्तीचा फायदा तिला नव्हता, पण २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने मुलगी जन्मापासूनच सहहिस्सेदार धरली जाते. वकिलांचा युक्तिवाद असा होता की २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली वाटणी या दुरुस्तीने मोडत नाही, म्हणून १९९८ ची वाटणी खरोखर झाली असेल तर बहिणीचा दावा टिकणं अवघड. पण वाटणीपत्र त्यांना दाखवलेलंच नव्हतं, हातात फक्त फेरफार होता, आणि नुसत्या फेरफाराने मालकी सिद्ध होत नाही. म्हणून त्यांनी लिहिलं होतं की सदर वाटणी प्रत्यक्षात झाली होती असं गृहीत धरून, हक्क निर्वेध दिसतो.

मी पहिल्या मसुद्यात लिहून बसलो, 'सदर वाटणी झालेली असल्याने हक्क निर्वेध आहे'. वाक्य गुळगुळीत झालं, पण दोन गोष्टी मेल्या. 'गृहीत धरून'चं 'असल्याने' झालं, म्हणजे वकिलाने तपासलेलीच नाही ती गोष्ट त्याच्या तोंडी कारण म्हणून घातली. आणि 'दिसतो'चा 'आहे' झाला. त्याच मसुद्यावर घरच्यांनी ठरवलं असतं की बहिणीचं हक्कसोड पत्र घ्यायची गरज नाही, आणि पुढे तिने दावा लावला असता तर वकील म्हणाले असते मी असं लिहिलंच नव्हतं, आणि ते खरंच असतं! सुदैवाने देण्याआधी परत वाचताना सापडलं. तेव्हापासून मराठीतला 'असल्याने' दिसला की मी मूळ वाक्य उघडतो, कारण आपल्याकडे कारण आणि गृहीतक दोन्ही वाक्याच्या सुरुवातीला येतं आणि हात आपोआप 'असल्याने'कडे जातो.

दुसरी खोच 'सब्जेक्ट टू'ची. बरेच जण त्याचं 'या अटीवर' करतात, ते चूक आहे. 'अटीवर' म्हणजे ती गोष्ट केली तरच, तो 'प्रोव्हायडेड दॅट'चा अर्थ. 'सब्जेक्ट टू परिच्छेद ७' म्हणजे परिच्छेद ७ मध्ये जे अडथळे सांगितलेत ते कायम धरून. सरकारी मराठीत 'अधीन राहून' म्हणतात, घरच्यांना ते जड जात असेल तर 'परिच्छेद ७ मधल्या गोष्टी लागू धरून' लिहा, पण एकदा ठरवलेला शब्द शेवटपर्यंत तोच ठेवा, मध्येच बदललात तर वाचणाऱ्याला वाटेल वकील काहीतरी वेगळं सांगतायत. आणि ते वाक्याच्या आधी येऊ द्या. 'हक्क निर्वेध आहे. मात्र...' असं दोन वाक्यांत तोडलंत की पहिलं वाक्य एकटंच फोनवरून फॉरवर्ड होतं.

कागद पाहिला, पक्षकाराने सांगितलं, गृहीत धरलं, मत दिलं, हे चार वेगळे प्रकार आहेत. मी मूळ प्रतीवर चार रंगांनी खुणा करतो आणि मराठीत प्रत्येकाचं क्रियापद वेगळं ठेवतो: 'पाहिले', 'सांगण्यात आले', 'गृहीत धरले', 'माझे मत आहे'. दस्तनोंदणीच्या 'इंडेक्स टू'ची काही वर्षांची पानं फाटलेली असल्याने तपासता आली नाहीत, असं वाक्य असेल तर ती वर्षं जशीच्या तशी लिहा, त्या काळात बोजा नव्हता असं वकिलाने म्हटलेलं नाही, एवढंच म्हटलंय की बघता आलं नाही. (इथला 'असल्याने' बरोबर आहे, पानं फाटलीत हे त्याने डोळ्यांनी बघितलंय.)

मूळ इंग्रजी मजकुरातच चूक वाटली, म्हणजे मृत्यूचं साल एका ठिकाणी २००३ आणि दुसरीकडे २००६, तर स्वतः दुरुस्त करू नका. दोन्ही तशीच ठेवा, समासात खूण करा आणि वकिलांना विचारा, कारण कुठल्या सालावर त्यांचं मत उभं आहे ते त्यांनाच ठाऊक.

झालं की मूळ बाजूला ठेवून फक्त मराठी वाचा आणि त्यातली गृहीतकं व मर्यादा मोजा, मग इंग्रजीतली मोजा. आकडा जुळला नाही तर कुठलीतरी एक 'असल्याने'त नाहीतर 'आहे'त गडप झालेली असते, ती शोधा आणि मगच काकांच्या हातात द्या.