झोपेत चालणं: नवऱ्याने रात्री दरवाजाची कडी काढली, डॉक्टरला दाखवू का?

प्रश्न: माझे मिस्टर (वय ३९) गेल्या चार-पाच महिन्यांपासून रात्री झोपेत उठून चालतात, बडबडतात. परवा तर मेन दरवाजाची कडी काढत होते. सकाळी काहीच आठवत नाही. लहानपणी असं कधी नव्हतं. सासूबाई म्हणतात बाहेरचं काहीतरी असेल, आणि अशा माणसाला उठवायचं नसतं. काय करू? डॉक्टरला दाखवायची गरज आहे का?

उत्तर:

ताई, हो, दाखवाच, आणि फार लांबवू नका. लहानपणी बरीच मुलं झोपेत चालतात आणि मोठी झाली की आपोआप थांबतात, पण आयुष्यात कधीच न चाललेला माणूस चाळिशीच्या तोंडावर चालायला लागला तर काहीतरी कारण शोधावं लागतं आणि बऱ्याचदा ते सापडतंही. मी पुण्यात एका स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रात्रभर पेशंटच्या झोपेचं रेकॉर्डिंग करणं हेच माझं काम, डॉक्टर नाही, त्यामुळे जे रोज बघतो तेच सांगतो.

आज रात्रीपासून दोन कामं करा. दरवाजा आणि गॅलरी बंद करायची सोय (ते खाली लिहितो), आणि मिस्टर किती वाजता झोपले न् किती वाजता उठून चालले ते कॅलेंडरवर लिहून ठेवणं. ही वेळ फार कामाची असते. झोपेत चालणं हे गाढ झोपेतून होतं आणि सगळ्यात गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात असते, म्हणून साधारण झोपल्यापासून तास ते तीन तासांत हा प्रकार घडतो. त्या वेळी मेंदूचा एक भाग जागा झालेला असतो आणि एक झोपलेलाच, म्हणजे हातपाय चालतात, डोळे उघडे असतात, सवयीची कामं जमतात (कडी काढणं, लाइट लावणं, गॅसचं बटण फिरवणं) पण काय करतोय हे ठरवणारा आणि लक्षात ठेवणारा भाग झोपेतच असतो, म्हणून सकाळी कोरी पाटी. सासूबाईंनाही हे घड्याळ दाखवा, दर वेळी ठरावीक तासांतच होतंय हे त्यांच्या स्वतःच्या लक्षात आलं की बाहेरच्या गोष्टीची भीती बरीच कमी होते, वाद घालायची गरज पडत नाही.

आता कारणं. दोन गोष्टी जुळून आल्या की चालणं होतं, एक म्हणजे झोप नेहमीपेक्षा जास्त गाढ असणं आणि दुसरं म्हणजे त्या गाढ झोपेत कशाने तरी धक्का बसून माणूस अर्धवट जागा होणं. पहिलं होतं झोपेच्या थकबाकीमुळे, चार दिवस पाच-पाच तास झोपलात की पाचव्या रात्री शरीर गाढ झोप वसूल करतं. धक्का कशानेही बसू शकतो, बाहेरचा आवाज, लघवीला लागणं, ताप, पाय सारखे हलणं, आणि मोठ्यांमध्ये आम्हाला फार वेळा दिसणारं कारण म्हणजे घोरता घोरता श्वास अडकणं, ज्याला स्लीप ॲप्निया म्हणतात.

एक केस सांगतो, ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून. बँकेत काम करणारे गृहस्थ, वय चाळीसच्या आसपास, दोन-तीन वर्षांत वजन वाढलेलं, घोरणं एवढं की मुलं हॉलमध्ये झोपायची. रात्री उठून गॅलरीत जाऊन कुंड्या सरकवायचे, एकदा गॅसची शेगडी चालू केलेली, तेव्हा बायको घाबरून घेऊन आली. त्या बाईंनी फार हुशारीने कॅलेंडरवर वेळा लिहिल्या होत्या. झोप साडेअकराला आणि चालणं बहुतेक वेळा साडेबारा ते दीडच्या मध्ये, आणि सगळ्यात जास्त खुणा मार्चएंडच्या आठवड्यात, जेव्हा ते रात्री उशिरा घरी येऊन सकाळी परत लवकर जात होते.

लॅबमध्ये आम्ही डोक्याला पेस्टने वायरी लावतो, छाती-पोटाला पट्टे, नाकाजवळ एक बारीक नळी, बोटाला ऑक्सिजनची क्लिप, आणि वर कॅमेरा. त्यांचं असं दिसलं की घोरणं वाढत जायचं, मग एकदम शांतता, छातीचा पट्टा हलतोय पण नाकातून हवा नाही, ऑक्सिजन खाली, आणि मग जोरात घर्रर्र करून श्वास परत सुरू. अशाच एका श्वासाच्या शेवटी ते उठून बसले, डोळे उघडे, चादर चाचपडायला लागले आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, "साहेब, व्हाउचर इथंच ठेवलेलं." त्याच वेळी स्क्रीनवर मेंदूच्या लहरी गाढ झोपेच्याच, मोठ्या आणि संथ. अर्ध्या मिनिटात परत आडवे. सकाळी विचारलं तर म्हणाले मस्त झोप लागली.

श्वास तासाला तीसच्या आसपास अडकत होता (पाचच्या आत नॉर्मल धरतात, तीसच्या वर गंभीर). त्यांना सीपॅप मशीन दिलं, नाकावर मास्क लावून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतं ते, आणि झोप सात तासांची करायला सांगितली. हळूहळू चालणं थांबलं. मात्र मशीन लागलं की पहिल्या काही रात्री बुडालेली गाढ झोप एकदम भरून निघते, आणि तेवढ्यापुरतं चालणं उलट वाढू शकतं, त्यामुळे त्या दिवसांत दरवाजाच्या कड्या अजिबात सैल सोडायच्या नाहीत. हे माहीत नसलं की लोक मशीनला दोष देऊन बंद करतात.

तुमचे मिस्टर घोरतात का, मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटतो का, सकाळी डोकं जड असतं का, दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागते का, हे नीट बघा. दारू घेत असतील तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, दारूने घोरणं आणि श्वास अडकणं दोन्ही वाढतं.

दुसरं, गोळ्या. या चार-पाच महिन्यांत कुठली नवीन गोळी सुरू झालीय का? विशेषतः झोपेची, झोल्पिडेम नावाची. त्या गोळीने माणसं झोपेत चालतात, स्वयंपाक करतात, गाडीसुद्धा चालवतात, अमेरिकेच्या औषध खात्याने (एफडीए) २०१९ मध्ये यावर सगळ्यात कडक पातळीचा इशारा छापायला लावला, आणि असं एकदा जरी झालं तरी ती गोळी पुन्हा द्यायची नाही असं सांगितलं. शेजाऱ्याकडून पट्टी आणून घेणारे लोक मी पाहिलेत, तेही दारूबरोबर, हे फार घातक आहे. मानसिक आजाराच्या काही औषधांनीही (लिथियम, क्वेटियापिन वगैरे) चालणं सुरू होऊ शकतं, पण ती आपल्या मनाने बंद करायची नाहीत, ज्यांनी दिली त्या डॉक्टरांना लगेच फोन करायचा. रोजची झोपेची गोळीही खूप दिवसांची असेल तर विचारूनच थांबवा.

घराचं आता. मेन दरवाजाला अगदी वरच्या बाजूला एक जास्तीची कडी लावा, नेहमीच्या जागेवर नसली की झोपेतला हात तिथे सहसा जात नाही, आणि दाराला घुंगरू किंवा ते चुंबकाचं स्वस्त अलार्म मिळतं ते लावा म्हणजे तुम्हाला जाग येईल. गॅलरीचा सरकता दरवाजा असेल तर खालच्या रुळात बसेल अशी लाकडी पट्टी कापून टाका, खिडकीला ग्रील नसेल तर बसवून घ्या. कुलूप लावून किल्ली लपवू मात्र नका, आग लागली तर सगळेच अडकाल, किल्ली कुठंय हे घरातल्या इतर मोठ्यांना माहीत हवं. रात्री रेग्युलेटर बंद, सुऱ्या आणि गाडीच्या किल्ल्या कपाटात, वाटेत स्टूल, चार्जरच्या वायरी नकोत. उन्हाळ्यात गावी गेलात तर गच्चीवर झोपवू नका. रेल्वेत वरचा बर्थ नको, खालचा घ्या आणि तुम्ही समोर झोपा. लग्नघरी वगैरे, जिथे जागा नवीन, झोप अपुरी, तिथे जास्त लक्ष ठेवा.

उठवल्याने माणूस मरतो वगैरे काही नाही. फक्त गदागदा हलवलं, ओरडलात किंवा मागून धरलं तर गोंधळून ढकलू शकतात, मारूही शकतात, तेव्हा त्यांना स्वतःलाही कळत नसतं. बाजूने जा, हळू आवाजात "चला, झोपायचं" एवढंच म्हणा आणि कोपराला हलका हात लावून पलंगाकडे वळवा. पण गॅलरीकडे किंवा जिन्याकडे चालले असतील तर काही विचार न करता अडवा आणि जागं करा.

नुसतं बडबडणं असेल तर काळजीचं नाही, ते कुठल्याही झोपेत होतं आणि कितीतरी लोकांना होतं. त्यात बोललेल्याचा अर्थ लावून सकाळी भांडू नका, ते खरं असतंच असं नाही. वेगळं प्रकरण म्हणजे पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेलं ओरडणं, शिव्या, लाथा-बुक्क्या, तेही पहाटेकडे, आणि जागं केल्यावर माणूस लगेच शुद्धीवर येऊन स्वप्न सांगतो की कोणीतरी मागे लागलं होतं. हे झोपेत चालणं नव्हे, स्वप्नांच्या झोपेत शरीर जे सैल पडायला हवं ते न पडल्यामुळे होतं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना पुढे काही वर्षांनी पार्किन्सनसारखा आजार होतो, म्हणून थेट न्यूरोलॉजिस्ट. तसंच एका रात्रीत अनेकदा, दर वेळी हुबेहूब तीच हालचाल, मिनिट-दीड मिनिटात संपणारी, जीभ चावणं, अंथरुणात लघवी, हे फिटचं असू शकतं, त्यालाही न्यूरोलॉजिस्टच.

तुमच्या बाबतीत आधी फॅमिली डॉक्टर आणि त्यांच्या चिठ्ठीने झोपेचे आजार बघणारे छातीचे किंवा मेंदूचे डॉक्टर, याच आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या. जाताना वेळांचं कॅलेंडर, सगळ्या गोळ्यांची नावं, आणि मोबाइलवर काढलेला व्हिडिओ न्या, एक चालतानाचा (सुरक्षित अंतरावरून, आधी त्यांना सांभाळा मग शूटिंग) आणि एक घोरतानाचा. लॅबमध्ये त्या एकाच रात्री माणूस चालेलच असं नाही, बऱ्याचदा चालत नाही, तेव्हा तुमचा व्हिडिओच डॉक्टरांच्या कामी येतो. घरी आणून देतात ती छोटी टेस्ट श्वासाचं सांगते पण मेंदूच्या लहरी दाखवत नाही, फिटची शंका असेल तर ती पुरत नाही. आणि क्लोनाझेपामसारखी गोळी लगेच मागू नका, काही जणांना डॉक्टर देतात, पण घोरणाऱ्या माणसाचा श्वास तिने आणखी अडकू शकतो, म्हणून आधी श्वासाची तपासणी होऊ द्या.