आधी लिंपण, मग फवारणी

प्रश्न : गावाकडे आमचे पांढऱ्या मातीचे जुने माळवद आहे. भिंतींना भेगा पडल्या असून त्यांत अगदी बारीक माश्या दिसतात. अशा माश्यांमुळे काळा आजार होतो असे वाचले. घर पाडून टाकावे का?

घर पाडू नका. मातीच्या भिंतीत रोग असतो हे वाक्य आमच्या घरात माझ्याच नावावर खपवले गेले आहे आणि त्यापायी एक चांगले माळवद गेले आहे, म्हणून हे उत्तर थोडे लांबेल.

मी अंबाजोगाईजवळच्या एका खेड्यातला. स्वच्छता निरीक्षकाचा अभ्यासक्रम पूर्ण करून एका संस्थेतर्फे उत्तर बिहारमधील वैशाली जिल्ह्यात दोन वर्षे गावपातळीवर आरोग्य कार्यकर्ता म्हणून राहिलो. 2013 च्या ऑक्टोबरमध्ये माझ्याकडच्या एका टोल्यावर, म्हणजे आपल्याकडच्या वस्तीवर, चाळीस घरांत सहा जणांना काळा आजार निघाला. दोन आठवड्यांहून अधिक ताप, हिवतापाच्या गोळ्यांना दाद नाही, पानथरी म्हणजे प्लीहा वाढून बरगडीखाली हाताला लागते, अंग वाळत चाललेले. बोटाच्या रक्तावरच्या पट्टी-चाचणीने सहाही जणांचे निदान झाले. यापूर्वी हा आजार कोणालाही झालेला नव्हता, हे मी आधी विचारून घेतले होते, कारण बरा झालेल्या माणसातही ती पट्टी पुढे बराच काळ होकार देत राहते.

आमच्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांचे मत ठरलेले होते. नोंदवहीप्रमाणे मार्चमध्ये या टोल्याची शंभर टक्के फवारणी झाली आहे, तेव्हा ही माणसे कामासाठी बाहेर गेली असताना आजार घेऊन आली असणार. मला हे पटले नाही, कारण सहांपैकी दोन लहान मुली होत्या आणि एक म्हातारी, आणि त्या तिघींनी त्या वर्षात गाव सोडलेले नव्हते.

मी नोंदवहीच्या मागच्या कोऱ्या पानावर चाळीस घरे काढली आणि आशा कार्यकर्तीला सोबत घेऊन प्रत्येक रुग्णाच्या घरी एकच गोष्ट खोदून विचारली : ताप नेमका कधी सुरू झाला आणि त्याआधीच्या महिन्यांत हे माणूस रात्री कोठे झोपत होते. माशी चावल्यापासून ताप येईपर्यंत साधारण दोन ते सहा महिने जातात, त्यामुळे आज ती कोठे झोपतात याला अर्थ नसतो. बहुतेकांचा ताप ऑगस्ट-सप्टेंबरमधला निघाला, म्हणजे चावा बहुधा फवारणीनंतरच्या एप्रिल ते जूनमधला. सहांपैकी पाच जण पूर्वेकडच्या एकाच ओळीत राहत होते, आणि पाचही जण ज्या आतल्या खोलीत झोपत त्या खोलीची एक भिंत गोठ्याशी सामाईक होती.

काळा आजार पसरवते ती ही वाळूमाशी. नाव फसवे आहे, वाळूशी तिचा संबंध नाही. डासाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी, अंगावर लव, बसली की पंख उभे धरणारी, चावताना आवाज न करणारी. ती फार लांब उडत नाही, उड्या मारल्यासारखी थोडी थोडी सरकते. तिच्या अळ्या पाण्यात नसतात, गोठ्यातील शेण-मूत मिसळलेल्या ओलसर मातीत वाढतात, म्हणून डबकी बुजवून तिचे काही बिघडत नाही. दिवसा तिला अंधार, ओल आणि वारा नसलेली जागा लागते, आणि गोठ्यालगतच्या भिंतीची भेग या तिन्ही गोष्टी पुरवते.

पहाटे उजेड फुटण्याआधी मी विजेरी आणि तोंडाने ओढायची काचेची नळी घेऊन त्या ओळीत गेलो. बांबूच्या कुडावर मातीचा जाड गिलावा होता आणि जमिनीपासून कमरेपर्यंत बोट जाईल एवढ्या भेगा होत्या. एका खोलीला पंधरा मिनिटे असे ठरवून मोजले. पहिल्या घरात एकोणीस माश्या नळीत आल्या, तर पश्चिमेकडच्या गिलावा केलेल्या विटांच्या घरात दोन. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतील बहुतेक अर्जेंटिपीस जातीच्या, म्हणजे आपल्या देशात काळा आजार पसरवणाऱ्या निघाल्या.

प्रश्न असा, की मार्चमध्ये डीडीटी मारलेल्या भिंतीत एवढ्या माश्या जिवंत कशा राहिल्या? डीडीटीचा पांढरा थर भिंतीवर महिनोन्‌महिने दिसतो. ओसरीवर आणि बाहेरच्या भिंतींवर तो फिकट का होईना दिसत होता. आतल्या खोलीत मात्र दोन प्रकार होते. काही घरांत तिथे देवघर आणि धान्याच्या कोठ्या असल्याने बायकांनी फवारणीवाल्यांना उंबऱ्याच्या आत येऊच दिले नव्हते. काही घरांतली भिंत मात्र स्वच्छ, गुळगुळीत, नव्याने लिंपलेली होती. त्या भिंतीवर मी नख ओढले तेव्हा पापुद्रा सुटला आणि खाली पांढरी रेघ उमटली. औषध भिंतीवर होते, फक्त ते मातीच्या लेपाखाली पुरले गेले होते. एप्रिल-मे हा लग्नसराईचा काळ. घरात लग्न आहे म्हटल्यावर शेणामातीने लिंपण होणारच. भेगांच्या तोंडाशी लेप दोन महिन्यांत पुन्हा फाटला, भेग उघडी झाली, आणि वर औषध नाही.

मला ते नख ओढायला कोणत्याही प्रशिक्षणाने शिकवले नव्हते. आमची आई दिवाळीआधी पांढऱ्या मातीचा पोतेरा घरभर फिरवायची आणि आम्ही मुले त्याखालचे मागच्या वर्षीचे थर नखाने उकरून मार खायचो.

माशी भिंतीत असली तरी परजीवी तिला माणसाकडूनच मिळावा लागतो. आपल्या देशात या आजाराचा साठा माणसातच असतो, गाईम्हशींत नाही. त्याच ओळीत एक तरुण ओसरीवर झोपायचा. त्याच्या हनुवटीवर आणि गालांवर फिकट डाग होते आणि घरचे त्याला कोड म्हणत. मला आधी कुष्ठरोगाचा संशय आला, म्हणून कापसाच्या बोळ्याने डागांवरची संवेदना तपासली, ती पूर्ण शाबूत होती. विचारल्यावर कळले, की तीन वर्षांपूर्वी त्याचा काळा आजार बरा झाला होता. बऱ्या झालेल्या काही जणांना पुढे असे डाग येतात. माणूस हिंडता-फिरता ठणठणीत असतो, दवाखान्यात जात नाही, आणि माश्यांना परजीवी पुरवत राहतो. त्याला जिल्हा रुग्णालयात पाठवले, तेथे त्वचेच्या तपासणीत परजीवी सापडला आणि 12 आठवड्यांचे उपचार सुरू झाले.

छठपूजा तोंडावर आली होती, म्हणजे घरे पुन्हा लिंपली जाणार होती. लिंपू नका असे सांगून कोणी ऐकले नसते, आणि ऐकावे तरी का? म्हणून आशाताईंनी ओळीतल्या बायकांना एवढेच सांगितले, की या वेळी माती भरताना चुना मिसळा, कमरेखालच्या भेगा नुसत्या वरून न सारवता आतपर्यंत ठासून भरा, आणि भिंत वाळली की आम्हाला बोलवा. मग त्या ओळीपुरती सहा फूट उंचीपर्यंत, आतल्या खोल्या आणि गोठे धरून, फवारणी करून घेतली. कोठ्या बाहेर काढायला आम्हीच हात लावला. पुढचे तीन महिने आतल्या भिंतीवर लेप नको, असे ठरले. महिन्याने त्याच पहिल्या घरात पंधरा मिनिटांत तीन माश्या मिळाल्या.

जानेवारीत त्या ओळीत आणखी दोन रुग्ण निघाले, आणि अधिकाऱ्यांनी बैठकीत सर्वांसमक्ष मला विचारले की तुमच्या चुन्याचे काय झाले. त्या दोघांचा ताप डिसेंबरमध्ये सुरू झाला होता. दोन ते सहा महिने मागे मोजले तर चावा बहुतेक छठच्या आधीचा पडतो, हे साधे गणित मी फळ्यावर मांडून दाखवले, तरीही इतिवृत्तात 'अपेक्षित परिणाम नाही' असेच लिहिले गेले. ते वाक्य आजही मला झोंबते.

आता तुमच्या घराविषयी. काळ्या आजाराचे क्षेत्र प्रामुख्याने बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि पूर्व उत्तर प्रदेश हे आहे. वाळूमाश्या मराठवाड्यातही आहेत, परंतु त्यांना देण्यासाठी परजीवी बाळगणारा माणूस येथे सहसा नसतो. म्हणून केवळ भेगेत माश्या दिसल्या याचा अर्थ काळा आजार नव्हे, आणि तुम्ही पाहिलेल्या वाळूमाश्याच आहेत हेही सूक्ष्मदर्शकाशिवाय नक्की सांगता येत नाही. भेगा मात्र दिवाळीच्या सारवणाआधी चुना मिसळलेल्या मातीने आतून भरा, आणि गोठा झोपण्याच्या खोलीच्या भिंतीला टेकलेला असेल तर तो हलवा. कोणी त्या राज्यांत राहून आले असेल आणि दोन आठवड्यांवर ताप असेल, तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा, अन्यथा येथे कोणाच्या डोक्यात तो आजार येणार नाही. आपल्या राज्यात वाळूमाशीची भीती बाळगायचीच तर ती चांदीपुरा विषाणूची. 1965 मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुऱ्यात तो प्रथम सापडला. लहान मुलाला एकाएकी जोराचा ताप, उलट्या आणि झटके आले, तर भिंतींचा विचार नंतर करून त्याला तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्या.

एवढे ठासून लिहिल्यावर दोन गोष्टी मान्य करतो. चुन्याच्या लेपाने माश्या घटतात, पण एकट्या लेपाने फवारणीइतक्या घटत नाहीत. आणि बिहारमध्ये डीडीटीला माश्या दाद देईनाशा झाल्या हेही पुढे स्पष्ट झाले व कार्यक्रमात दुसरे औषध आले, तेव्हा माझ्या टोल्यावरचा सगळा दोष लिंपणाचा नव्हता.

मी सुट्टीवर आलो असता हे सगळे घरी सांगितले, आणि आमच्या थोरल्या बंधूंनी त्यातून एवढेच उचलले की मातीचे घर वाईट. 2016 मध्ये त्यांनी माळवद उतरवून विटांचे घर बांधले, पैसे संपल्याने मागच्या बाजूला गिलावा केलाच नाही, आणि शेळ्या त्याच भिंतीला बांधल्या. मी एकदा पहाटे विजेरी घेऊन मागे गेलो, तर विटांच्या उघड्या सांध्यांत पंख उभे धरलेल्या बारीक माश्या बसलेल्या होत्या. दादांना उठवून दाखवल्या. ते म्हणाले, "या शेळ्यांच्या माश्या आहेत, भिंतीच्या नाहीत." यंदा त्यांनी मागचे सांधे भरायला गवंडी बोलावला. कारण विचारले तर म्हणाले, पावसाचे पाणी आत झिरपते.