मामांच्या लॅपटॉपवर मराठी: आधी फॉन्ट टाकून देणाऱ्याला थांबवा

प्रश्न: "मामा अंबाजोगाईला असतात, निवृत्त शिक्षक, वय ६८. नवा लॅपटॉप घेतलाय, विंडोज ११. मी पुण्यात. मराठी टायपिंगसाठी त्यांना सोपा मेसेज लिहून पाठवायचाय. दुकानदार म्हणतो, मी चांगला मराठी फॉन्ट टाकून देतो. टाकू द्यावा का?"

नका टाकू देऊ. दुकानदाराचं हे वाक्य मी आमच्या घरी ऐकलंय, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

माझ्या सासऱ्यांना असाच एकाने फॉन्ट टाकून दिला. त्यांनी चार महिने बसून गावच्या आठवणींची ६० पानं टाइप केली. त्यांच्या स्क्रीनवर अक्षर झकास दिसायचं. फाईल एका कार्यालयात नेली, तर तिथं उघडल्यावर सगळा इंग्रजी अक्षरांचा काला! तिथल्या साहेबांनी "फाईल खराब आहे, नवी आणा" एवढंच सांगितलं. तीन हेलपाटे झाले, पण फाईल खराब नाही, फॉन्ट जुन्या पद्धतीचा आहे, हे एकानेही सांगितलं नाही. अशा फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फक्त वरचं रूप मराठी असतं. तो फॉन्ट ज्या मशीनवर नाही, तिथं रूप गळून पडतं. ती पानं नंतर रूपांतर करून घेतली, पण जोडाक्षरं आणि रफार हातानेच दुरुस्त करावे लागले.

म्हणून युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच राहते ती पद्धत, आणि ते विंडोजमध्येच आहे, पैसे लागत नाहीत. मेसेज असा लिहा. माझं मत, एकदम नको, तीन तुकड्यांत पाठवा आणि एक जमल्यावरच पुढचा:

"मामा, नमस्कार. लॅपटॉपला नेट जोडलेलं असू द्या. Settings उघडा. डावीकडे Time & language, मग Language & region, मग Add a language. शोधायच्या चौकटीत Marathi लिहा, ते निवडून Next दाबा. पुढच्या पानावर Set as my Windows display language समोर टिक असेल तर काढा, नाहीतर सगळा लॅपटॉपच मराठीत बोलायला लागेल आणि मला फोनवर काही सांगता येणार नाही. मग Install."

"आता खिडकीचं चित्र असलेलं बटण दाबून धरा आणि स्पेस दाबा. खाली उजव्या कोपऱ्यात ENG जाऊन मराठी आलं की झालं. इंग्रजी हवं तेव्हा पुन्हा तेच. कुठलं अक्षर कुठं आहे ते बघायला खिडकीचं बटण, Ctrl आणि O एकत्र दाबा, पडद्यावर मराठी अक्षरांचा कीबोर्ड येईल."

"वहीसारखं Notepad उघडा आणि n e l t j ही बटणं दाबा. लातूर उमटेल. जोडाक्षराला मधे d दाबायचं, तोच पाय मोडतो: रस्ता म्हणजे j m d l e. रफारालाही तेच: सूर्य म्हणजे m t j d /."

हा कीबोर्ड इन्स्क्रिप्ट. बरेच जण फोनेटिक सुचवतील, इंग्रजीत लिहा आणि मराठी उमटेल असा. तोही विंडोजमध्ये मिळतो आणि वाईट नाही. पण त्यात न की ण, ल की ळ हे बरेचदा सुचवलेल्या शब्दांतून वेचावं लागतं. शुद्धलेखनाचे पक्के असलेले मास्तर तिथं वैतागतात, निदान आमचे वैतागले. तुमच्या मामांचा हात इंग्रजी टायपिंगवर आधीच बसलेला असेल तर माझं ऐकू नका, फोनेटिकच द्या.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवा. आपण वहीत पहिली वेलांटी आधी काढतो, अक्षर नंतर. इथं उलटं: 'दिवस' लिहिताना आधी द, मग वेलांटी, म्हणजे o f b m. वेलांटी आधी दाबली की ठिपक्यांचं गोल वर्तुळ दिसतं. आमच्याकडे त्या वर्तुळावरून "लॅपटॉप बिघडला" म्हणून दोनदा फोन आला होता!

दुकानदाराने फॉन्ट आधीच टाकला असेल, तरी काढत बसू नका. वर्डमध्ये लिहिलेली एक ओळ निवडून फॉन्ट Nirmala UI करून बघायला सांगा. अक्षरं मराठीच राहिली तर ठीक. इंग्रजी खिचडी झाली, तर लिहिणं जुन्या फॉन्टमध्ये चाललंय, आणि तिथंच थांबवा, ६० पानं व्हायच्या आत.

(विंडोज १० असेल तर नावं थोडी इकडेतिकडे असतील. मी काही संगणकवाला नाही, घरचा अनुभव सांगितला.)