आठांपैकी चार

«मॅडम, मी बारावी कॉमर्सला आहे. अकाउंटला मार्क पडतात, पण ओसीत, म्हणजे वाणिज्य संघटनाच्या पेपरात, पाच-पाच पानं लिहूनही आठपैकी चारच मिळतात. उत्तर येत नाही असं नाही, सगळं पाठ आहे. मैत्रीण दोन पानं लिहिते आणि तिला सहा. पेपर तपासणारे वाचतात तरी का?»

ही मुलगी आईबरोबर आली तेव्हा पूर्वपरीक्षेची उत्तरपत्रिका सोबत घेऊनच आली होती. ते बरं झालं. अशा तक्रारीवर उत्तरपत्रिका समोर नसताना बोलण्यात अर्थ नसतो. समुपदेशन सुरू करण्याआधी मी बरीच वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवलं आणि गठ्ठेही तपासले, त्यामुळे आईला बाहेर चहाला पाठवलं आणि आम्ही दोघी टेबलाशी बसलो. प्रश्न होता, विम्याची तत्त्वे स्पष्ट करा, आठ गुण.

मी एका कोऱ्या कागदावर गुणांची वाटणी मांडली. सात तत्त्वं, प्रत्येकी एक गुण. त्यातला अर्धा बरोबर नाव आणि नेमका अर्थ यासाठी, अर्धा त्याच तत्त्वाला लागू पडणाऱ्या उदाहरणासाठी. उरलेला एक सुरुवातीची व्याख्या आणि एकूण मांडणी यांना. ही वाटणी माझी, बोर्डाची नव्हे; बोर्डाचे परीक्षक त्यांना दिलेल्या योजनेप्रमाणे तपासतात. पण उत्तर कुठे गळतं ते बघायला ही पुरते. मग लाल पेन तिच्या हातात दिलं आणि सांगितलं, तीनदा वाचायचं. पहिल्यांदा फक्त शब्द, दुसऱ्यांदा फक्त उदाहरणं, तिसऱ्यांदा नुसतं पान कसं दिसतं ते. तिन्ही एकदम बघायला गेलं की स्वतःचं लिखाण स्वतःला नेहमी बरंच वाटतं.

पहिल्या वाचनात ती पानभर काहीच न खुणावता गेली. मी थांबवलं. विम्याच्या हप्त्याला तिने «फी» म्हटलं होतं. विमाकर्ता म्हणजे कंपनी आणि विमाधारक म्हणजे ज्याने विमा काढला तो, पण दोन ठिकाणी हे दोघे उलटसुलट झाले होते, त्यामुळे वाक्याचा अर्थ असा निघत होता की नुकसान झालं की दुकानदाराने कंपनीला भरपाई द्यायची. ती हसली. म्हणाली, «माझ्या डोक्यात बरोबर होतं.» डोक्यातलं तपासायला पाठवता येत नाही, एवढंच मी म्हटलं.

खरी मोठी चूक विमा हिताच्या तत्त्वात होती. तिने लिहिलं होतं, «विमा घेणाऱ्याला विम्यातून फायदा झाला पाहिजे.» हित म्हणजे फायदा, असा तिने सरळ अर्थ लावला. इथे हित म्हणजे आर्थिक हितसंबंध. ती वस्तू शाबूत राहिली तर तुझं भलं, नष्ट झाली तर तुझ्या खिशाला खार, असं नातं असेल तरच त्या वस्तूचा विमा तुला काढता येतो. आणि गंमत बघा, फायद्याचं ते एक वाक्य पुढच्याच नुकसानभरपाईच्या तत्त्वाच्या मुळावर येतं, कारण तिथे म्हटलंय की विम्यातून नफा कमवता येत नाही, झालेलं नुकसान तेवढं भरून निघतं. तपासणाऱ्याला हे लगेच दिसतं. एका चुकीच्या शब्दाने दोन तत्त्वांबद्दल शंका उभी राहते.

सब्रोगेशनला तिने नावच दिलं नव्हतं. नुसतं लिहिलं होतं, «कंपनी गाडी जप्त करते.» कल्पना जवळपास बरोबर आहे. ट्रक पार मोडला, कंपनीने पूर्ण भरपाई दिली, की उरलेल्या सांगाड्यावर कंपनीचा हक्क येतो. ज्याच्या चुकीने अपघात झाला त्याच्याकडून वसुली करायचा हक्कही तिच्याकडे जातो. पण जप्ती ही कारवाई असते, इथे तर हक्क एकाकडून दुसऱ्याकडे जातो. या तत्त्वाला मराठीत एकच एक प्रतिशब्द रुळलेला नाही, म्हणून तिला सांगितलं की तुझ्या पाठ्यपुस्तकात जे नाव छापलंय तेच जसंच्या तसं लिही. बाकीचं स्पष्टीकरण खुशाल स्वतःच्या भाषेत. घोकलेली वाक्यं मला स्वतःला आवडत नाहीत, पण पारिभाषिक शब्दाच्या बाबतीत स्वतःचा शब्द चालत नाही.

दुसऱ्या वाचनात उदाहरणं. नुकसानभरपाईच्या तत्त्वाखाली तिने आत्याच्या यजमानांचं लिहिलं होतं. ते वारले आणि आत्याला जीवन विम्याचे 5 लाख मिळाले. ते वाचताना तिचा आवाज जरा बसला. मी थोडा वेळ जाऊ दिला. मग विचारलं, 5 लाख ही काकांची किंमत होती का? ती म्हणाली, «नाही, पॉलिसीच तेवढ्याची होती.» बस, इथेच उत्तर होतं. माणसाच्या जाण्याचं नुकसान मोजता येत नाही, म्हणून जीवन विम्यात ठरलेली रक्कम मिळते आणि नुकसानभरपाईचं तत्त्व तिथे लागूच होत नाही. उदाहरण शंभर टक्के खरं होतं, घरातलं होतं, आणि तरी त्या जागी चूक होतं. पॉलिसी काकांनी स्वतःच्या नावावर स्वतःच काढलेली. माणसाला स्वतःच्या आयुष्यात विमा हित असतंच, तेव्हा तेच उदाहरण एक तत्त्व वर सरकवलं की चपखल बसतं. खाली मात्र असं काही हवं: 2 लाखांच्या मालाचा पूर्ण विमा आहे, आगीत 50 हजारांचा माल जळला, तर मिळणार 50 हजारच.

सहभागाच्या तत्त्वात तिने लिहिलं होतं, दोन कंपन्यांकडे विमा असेल तर दोघी अर्धे-अर्धे देतात. अकाउंटवाल्या मुलीने हे लिहावं याचं मला नवल वाटलं. म्हटलं, भागीदारीत नफा वाटतेस तो नेहमी अर्धा-अर्धा वाटतेस का? तिने लगेच कागद ओढला. एका कंपनीकडे 1 लाखाची पॉलिसी, दुसरीकडे 2 लाखांची, नुकसान 60 हजारांचं. प्रमाण 1:2, म्हणजे पहिली देणार 20 हजार, दुसरी 40 हजार. «हे लिहायचं असतं?» म्हणाली. हो, आणि दोन ओळींत होतं.

तिसऱ्या वाचनाला पानं हातभर लांब धरायला लावली. पहिलं दीड पान विम्याची गरज आणि आजच्या धकाधकीचं जीवन यावर गेलं होतं. विचारलेलं नव्हतं, त्यामुळे गुणही नाहीत, आणि ज्या व्याख्येला गुण मिळाले असते ती त्या दीड पानात कुठेच नव्हती. पुढची तत्त्वं एकाच सलग परिच्छेदात. मी माझी बेरीज केली तर साडेतीन आली, सरांनी दिलेले चार. पुन्हा वाचलं तेव्हा दिसलं की नुकसान कमी करण्याचं तत्त्व निकटतम कारणाच्या, म्हणजे नुकसान मुख्यतः कशामुळे झालं ते बघणाऱ्या तत्त्वाच्या, पोटात दडलंय, मधल्या एका ओळीत. मी ते चुकवलं होतं. तिच्या सरांनी नव्हतं. तो अर्धा गुण मी कागदावर वाढवला आणि कागद तिच्यापुढे सरकवला. ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत होती. «म्हणजे सरांनी वाचलं,» म्हणाली.

मग वेळेचा हिशेब आला. 80 गुणांना तीन तास, म्हणजे गुणामागे सव्वादोन मिनिटं, आठ गुणांच्या प्रश्नाला 18 मिनिटं. तिला यासाठी अर्ध्या तासाच्या वर लागला होता आणि सकारण स्पष्ट करा यातलं एक विधान सुटलं होतं. त्याचे चार गुण घरबसल्या गेले.

तेच उत्तर पुन्हा लिहून आणायला सांगितलं. आठवड्याने आली ती दुसऱ्या टोकाला जाऊन. ठळक मथळे, खाली एकेक ओळ, सव्वा पान, तार केल्यासारखं. नावं सगळी बरोबर, पण स्पष्ट करा म्हटल्यावर काहीच स्पष्ट केलं नव्हतं. हा दोष मुलांत फार बघते. मुद्देसूद लिही म्हटलं की मुलं मजकूरच काढून टाकतात. मथळा स्वतंत्र ओळीवर, त्याखाली पेन्सिलने रेघ, मग अर्थाची दोन पूर्ण वाक्यं, मग नव्या ओळीवर «उदा.» करून उदाहरण, आणि पुढच्या तत्त्वाआधी एक ओळ मोकळी. याहून जास्त सजावट लागत नाही. चौकटी आणि रंगीत पेनं तर नकोतच.

उदाहरणांसाठी तिला घरचा अभ्यास दिला. तत्त्वाचं नाव झाकायचं, नुसतं उदाहरण कोणाला तरी वाचून दाखवायचं आणि त्यातून काय कळलं ते विचारायचं. तिच्या वडिलांचं किराणा दुकान आहे. विमा हिताचं उदाहरण म्हणून तिने «माझ्या वडिलांनी दुकानाचा विमा काढला» एवढंच वाचलं, तर ते म्हणाले, «मग? काढलाय की.» तिने वाढवलं, दुकान जळलं तर वडिलांचं नुकसान, म्हणून ते विमा काढू शकतात. यावर वडील म्हणाले, म्हणजे शेजारच्याच्या गोदामाचा मला काढता येणार नाही, असंच ना? ते वाक्य तिने तसंच्या तसं उत्तरात घातलं. मला विचाराल तर अख्ख्या उत्तरातलं सर्वांत चांगलं वाक्य तेच.

तिसरं उत्तर सव्वादोन पानांचं, घड्याळ लावून 19 मिनिटांत लिहिलेलं. मी साडेसहा दिले. व्याख्येत हप्त्याचा उल्लेख राहिला होता, अर्धा गेला. निकटतम कारणाला उदाहरण नव्हतं, अर्धा गेला. नुकसान कमी करण्याच्या तत्त्वात तिने लिहिलं होतं, «उदा. दुकानाला आग लागली तेव्हा दुकानदाराने ती विझवली,» त्याचाही अर्धा मी कापला. त्यावर मात्र ती भांडायला उठली. «मॅडम, आग लागली तर माणूस विझवणारच ना! विमा आहे म्हणून हातावर हात ठेवून बसायचं नाही, विमा नसता तर जे केलं असतं तेच करायचं, हेच तर तत्त्व आहे.»

«यातलं तू कागदावर काय लिहिलंस?» मी विचारलं.

तिने उत्तरपत्रिका ओढून घेतली, वाचली, आणि माझ्याकडे निळं पेन मागितलं.